ट्रॅक्टरच्या इंजिनातून दिसणारी तीन क्षितिजं

गळीत हंगाम संपला की शिरोळ तालुक्यातल्या गॅरेजांत ट्रॅक्टरची इंजिनं उतरतात. पाच महिने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढून ती दमलेली असतात. मेस्त्री चेंबर सोडतो, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट काढतो आणि क्रँकला मिठी मारून बसलेल्या अर्धगोल पट्ट्या हातात घेतो. याच इंजिनाच्या बेअरिंगच्या शेल. बोटभर रुंद, दोन-अडीच मिलिमीटर जाड. नव्या शेलची आतली बाजू राखाडी आणि मऊसूत असते. जिथे वरचा थर घासून गेला तिथे तांबूस धातू उघडा पडतो. ऑइल कमी पडलं असेल तर शेल काळीनिळी होते, ऑइलमध्ये माती गेली असेल तर तिच्यावर बारीक चरे उठतात. शेल बघूनच मेस्त्री सांगतो, की नुसत्या नव्या शेल टाकून भागेल की क्रँक ग्राइंडिंगला पाठवून दहा किंवा वीस साइझच्या शेल घालाव्या लागतील.

अशा शेल बनवणारा एक कारखाना शिरोळहून तास-सव्वा तासाच्या अंतरावर, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मेनन बेअरिंग्ज ही १९९१ साली स्थापन झालेली आणि शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. वाहन उद्योगातल्या बलाढ्य नावांशेजारी ती मध्यम आकाराची ठरते. तिचा मूळ माल दुहेरी धातूचा, म्हणजे इंजिनाच्या शेल, बुश आणि थ्रस्ट वॉशर. पुढे तिने ‘अल्कॉप’ या नावाने ॲल्युमिनियमच्या ओतीव सुट्या भागांचं काम उभं केलं, आणि अलीकडच्या वर्षांत ‘मेनन ब्रेक्स’ या नावाने ब्रेक लायनिंगचं. एकाच छत्राखालची ही तीन कामं तीन वेगळ्या भवितव्यांची आहेत. मध्यम कारखानदाराने आजचा धंदा, उगवता धंदा आणि दूरची शक्यता यांचा तोल कसा सांभाळावा, हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही.

तीन क्षितिजांची मांडणी

मेहरदाद बघाई, स्टीफन कोली आणि डेव्हिड व्हाइट या मॅकिन्सीतल्या तिघा सल्लागारांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात ही मांडणी लोकप्रिय केली. पहिल्या क्षितिजावर आज पैसा देणारा मूळ धंदा असतो. दुसऱ्यावर असतो तो गिऱ्हाईक मिळालेला, पण अजून स्वतःच्या पायावर उभा न राहिलेला धंदा. तिसऱ्यावर नुसत्या शक्यता: एखादा नमुना, एखादी चाचणी, एखाद्या गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं. तिन्हींवर एकाच वेळी काम चालू ठेवायचं, पहिलं संपल्यावर दुसऱ्याकडे वळायचं नाही, हा त्यांचा मुख्य आग्रह होता.

या मांडणीचा सर्रास एक चुकीचा अर्थ घेतला जातो. पहिलं क्षितिज म्हणजे एक-दोन वर्षं, दुसरं तीन ते पाच, तिसरं त्यापुढे, असं कॅलेंडर भिंतीवर लागतं. तिसऱ्या क्षितिजावरची गोष्ट कधी कधी दोन वर्षांत दारात येते आणि पहिल्या क्षितिजावरची वीस वर्षं टिकते, असा आक्षेप स्टीव्ह ब्लँक यांच्यासारख्या अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. कोल्हापूरच्या कारखानदाराला उपयोगी पडणारा फरक वर्षांचा नाही, पुराव्याचा आहे. पहिल्या क्षितिजावर गिऱ्हाईक, प्रक्रिया आणि नफा तिन्ही सिद्ध झालेले असतात. दुसऱ्यावर गिऱ्हाईक सिद्ध असतं, प्रक्रिया आणि नफा नसतो. तिसऱ्यावर काहीच सिद्ध नसतं. म्हणून तिन्हींना मोजायच्या पट्ट्याही वेगळ्या लागतात.

पहिलं क्षितिज : पोलादावरचं तांबं

शेलचा जीव तिच्या पट्टीत असतो. पोलादाच्या पट्टीची गुंडाळी उलगडत साफ होते आणि तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूची भुकटी एकसारख्या जाडीने पसरली जाते. ही पट्टी ऑक्सिजनला मज्जाव असलेल्या लांबलचक भट्टीतून जाते. तिथलं तापमान साधारण आठशे अंशांच्या वर असतं. भुकटी पूर्ण वितळत नाही, पण तिचे कण एकमेकांना आणि पोलादाला धरतात. याला सिंटरिंग म्हणतात. मग रोलिंगमध्ये थर दाबला जातो आणि पट्टी पुन्हा भट्टीतून जाते. त्यानंतर तुकडे कापणं, प्रेसवर अर्धगोल वळवणं, ऑइलचं भोक आणि खाच पाडणं, शेल जागची हलू नये म्हणून कडेला कान काढणं आणि शेवटी आतली जाडी काही मायक्रॉनांच्या हद्दीत आणणं. बऱ्याच शेलवर वर आणखी मऊ धातूचा सुमारे वीस मायक्रॉनांचा मुलामा चढतो.

इतका खटाटोप दोन विरोधी गरजांमुळे करावा लागतो. क्रँकचा दणका सोसायला शेल कणखर हवी. ऑइलमधून आलेला कण क्रँकला ओरखडा न काढता शेलमध्येच रुतावा, आणि इंजिन सुरू होताना ऑइलचा थर तयार नसला तरी धातू धातूला चिकटू नये, म्हणून ती मऊही हवी. वर्षानुवर्षं हा मऊपणा शिशाने दिला. युरोपने २००० साली जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीचा कायदा केला, शिशावर बंधन आणलं आणि इंजिनातल्या शेलला दिलेली सवलत नव्या वाहनांसाठी २०११ च्या जुलैमध्ये संपवली. निर्यात करणाऱ्या प्रत्येक बेअरिंगवाल्याला बिनशिशाचे मिश्रधातू शिकावे लागले. पहिलं क्षितिज म्हणजे हात लावायची गरज नसलेली दुभती गाय, असा समज असेल तर तो इथेच सोडून द्यावा. मूळ धंद्यातही दर काही वर्षांनी नवी विद्या घ्यावी लागते, आणि तिचा खर्च मूळ धंद्याच्याच खात्यावर पडायला हवा.

या क्षितिजाची अखेर कुठे आहे? बॅटरीवरच्या गाडीत क्रँक नाही, म्हणून या शेलही नाहीत. पण ‘इलेक्ट्रिक आलं, बेअरिंग संपलं’ हे वाक्य सरसकट खरं नाही. दुचाकी आणि तीनचाकीत बदल झपाट्याने होतो आहे, अवजड ट्रकमध्ये सावकाश, आणि ट्रॅक्टरमध्ये त्याहूनही सावकाश. ट्रॅक्टरच्या धुराचे कडक नियम २०२३ च्या जानेवारीपासून लागू झाले तेही पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या इंजिनांना. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे आहेत. शिवाय आज विकलेलं इंजिन पुढची दहा-पंधरा वर्षं दुरुस्तीला येत राहतं आणि प्रत्येक वेळी नव्या शेल मागतं. म्हणून ‘मूळ धंदा’ असा एकच आकडा न ठेवता तो दुचाकी, मोटार, ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर आणि सुटे भाग असा फोडून पाहावा. दोन कारखान्यांची उलाढाल सारखी असली, तरी एकाचा माल दुचाकीत आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टरमध्ये जात असेल, तर दोघांच्या हातात वेगवेगळी वर्षं आहेत.

दुसरं क्षितिज : ॲल्युमिनियमचं ओतकाम

ॲल्युमिनियमच्या ओतीव भागाला इंजिनाचा मोह नाही. पंपाची बॉडी असो, गिअरचं कव्हर असो की इलेक्ट्रिक मोटारीचं घर, गाडी हलकी हवी म्हटल्यावर ॲल्युमिनियम लागतंच. त्यात गिऱ्हाईकही बहुधा ओळखीचं असतं. ज्या खरेदी विभागाकडून शेलची ऑर्डर येते त्याच विभागात ओतीव भागाची चौकशी करता येते. म्हणून बेअरिंगवाल्याचं या दिशेने जाणं समजण्यासारखं आहे.

पण विद्या वेगळी आहे. साडेसहाशे-सातशे अंशांचा पातळ धातू शेकडो टन दाबाने बंद केलेल्या पोलादी डायमध्ये क्षणार्धात सुसाट घुसतो आणि काही सेकंदांत घट्ट होतो. आत अडकलेली हवा बाहेर पडली नाही, तर भागाच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. खरी मेख अशी की या पोकळ्या ओतल्यावर दिसत नाहीत. भाग वरून चकचकीत असतो. मशिनिंगमध्ये वरचं कातडं निघालं की छिद्र उघडं पडतं, किंवा हवा भरून गळती तपासताना बुडबुडे येतात. तोवर धातू, वीज, मशिनचा वेळ, कटर आणि कामगाराची पाळी खर्च झालेली असते. ओतल्याबरोबर बाद झालेला भाग पुन्हा वितळवता येतो. मशिनिंगनंतर बाद झालेल्या भागातून धातू परत मिळतो, बाकी सगळं गेलेलं असतं.

दुसऱ्या क्षितिजावर लक्ष द्यायचं ते म्हणूनच बाद मालाच्या टक्क्यावर आणि तो माल कोणत्या टप्प्यावर बाद होतो त्यावर. समजा एका भागाचा बाद माल सुरुवातीला शंभरात पंधरा आहे. वर्षभरात तो पाचावर आला, तर लोक शिकत आहेत. बारा-तेरावर अडकला, तर धातूचा मार्ग, हवा निघण्याच्या वाटा किंवा भागाची रचनाच चुकलेली आहे, आणि गिऱ्हाइकाबरोबर बसून डाय बदलल्याशिवाय सुटका नाही. त्या वर्षीचा नफा दोन्ही बाबतींत सारखाच वाईट दिसतो. नफ्याच्या पट्टीने मोजणारा मालक शिकणारं आणि अडकलेलं हे दोन्ही काम एकाच सुरात बंद करतो.

वेळेचा हिशेबही इथे मूळ धंद्यासारखा नसतो. चौकशी, दर, डायची ऑर्डर, पहिले नमुने, त्यांची मापं, गिऱ्हाइकाची प्रक्रिया-मंजुरी, छोटी खेप आणि मग नियमित उत्पादन, या वाटेवर दीड-दोन वर्षं सहज जातात. मंजुरी मिळाली म्हणून पेढे वाटावेत अशी परिस्थिती नसते, कारण मंजुरी म्हणजे शेड्यूल नव्हे. नव्या मॉडेलची गाडी चालली नाही, तर महिन्याला पाच हजार भागांसाठी घेतलेल्या मशिनवर हजारच निघतात. एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच मॉडेलवर उभं असलेलं काम म्हणूनच दुसऱ्या क्षितिजावरून पहिल्यावर आलं असं मानू नये, ते कितीही भरात असलं तरी.

ब्रेक लायनिंगही याच क्षितिजावर बसतं, पण त्याचं कोडं वेगळं आहे. गाडी कशावरही चालो, तिला थांबावं लागतंच, म्हणून हा माल इंजिनाबरोबर जात नाही. बॅटरीवरची गाडी वेग कमी करताना मोटारीचाच ब्रेकसारखा उपयोग करते, त्यामुळे लायनिंगची झीज कमी होते आणि बदलण्याची मागणी मंदावते. पण ती मागणी उरते. अडचण रसायनाची आहे. ॲस्बेस्टॉसशिवायचं मिश्रण तापल्यावर पकड सोडता कामा नये, ड्रम खाता कामा नये आणि किंचाळता कामा नये. धातू जाणणाऱ्या माणसाला इथे राळ, तंतू आणि भुकट्यांची विद्या नव्याने शिकावी लागते. गिऱ्हाईक जुनं आणि विद्या नवी, असं हे दुसरं क्षितिज आहे.

तिसरं क्षितिज : इसाराची रक्कम

दूरच्या शक्यतेवर किती खर्च करावा, हे शिरोळच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. जमिनीचा व्यवहार पटला पण कागद पुरे नसतील, तर तो पूर्ण पैसे मोजत नाही, इसार देतो. ठरलेल्या मुदतीपुरता हक्क राखला जातो, आणि माघार घेतलीच तर बुडते ती इसाराचीच रक्कम. तिसऱ्या क्षितिजावरचा खर्च हा असाच इसार आहे. रक्कम आधी ठरलेली हवी, मुदत ठरलेली हवी, आणि मुदतीअखेर कोणता कागद हातात आला म्हणजे पुढे जायचं हेही ठरलेलं हवं.

बेअरिंगवाल्यासाठी असा एक इसार हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाचा आहे. टाटा मोटर्सने २०२५ च्या मार्चमध्ये हायड्रोजनवरच्या अवजड ट्रकांच्या रस्त्यावरच्या चाचण्या सुरू केल्या. त्यातल्या काही गाड्यांत इंधन-सेल आहे, काहींत इंजिन. इंजिन म्हटलं की क्रँक आला आणि क्रँक आला की शेल आल्या. मात्र ज्वलनाचा झटका वेगळा, आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश जास्त येण्याची भीती. आजचा मुलामा त्यात टिकेल का, हा एकच प्रश्न घेऊन दोन इंजिनिअर, थोडे नमुने आणि चाचणी यंत्रावरचे ठरावीक तास एवढ्यावर सुरुवात करता येते. दीड वर्षाने उत्तर ‘नाही’ आलं, तरी ते पैसे वाया गेले असं मानायचं कारण नाही. उत्तर न येता काम तसंच रेंगाळलं, तर मात्र गेले. तिसऱ्या क्षितिजाला विक्रीचं उद्दिष्ट देणं जितकं चूक, तितकंच त्याला मुदत न देणंही चूक.

एका मंदीची आकडेमोड

आता एक कल्पित कारखाना घेऊ. याचे आकडे कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाहीत, पण प्रमाण या भागात शोभेल असं आहे. मूळ धंदा ९० कोटींचा, त्यात १८ कोटींचा चालू नफा. ॲल्युमिनियमचं काम २८ कोटींचं, त्यात जेमतेम २ कोटी. म्हणजे २० कोटी. व्याज, हप्ते, कर, लाभांश आणि वाढतं खेळतं भांडवल यांत ११ कोटी गेले. उरलेल्या ९ कोटींपैकी मालकाने ५ कोटी मूळ धंद्याच्या मशिनरीला, साडेतीन कोटी ॲल्युमिनियमच्या नव्या मशिनला आणि ५० लाख दूरच्या दोन कामांना ठरवले.

इतक्यात ट्रक-ट्रॅक्टरला मंदी आली आणि मूळ धंदा पाचव्या हिश्शाने घटला. १८ कोटींची विक्री गेली. शंभर रुपयांच्या विक्रीत कच्चा माल आणि विक्रीबरोबर बदलणारा इतर खर्च वजा जाता ४० रुपये उरत असतील, तर ७ कोटी २० लाखांचा नफा गेला. कर कमी पडून सुमारे १ कोटी ८० लाख वाचले. ९ कोटींच्या जागी ३ कोटी ६० लाख राहिले. विक्री वीस टक्क्यांनी पडली आणि उद्यावर घालायचा पैसा साठ टक्क्यांनी. तिन्ही क्षितिजांचा तोल खऱ्या अर्थाने याच वर्षी ठरतो.

सोपी वाट म्हणजे ५० लाखांची दूरची कामं बंद करायची, ॲल्युमिनियमचं मशिन पुढच्या वर्षावर ढकलायचं आणि सगळा पैसा ओळखीच्या जागी घालायचा. नेमकं हेच उलटं करून पाहावं. मूळ धंद्याचीच मागणी घटली आहे, मग तिथली क्षमता वाढवायची घाई कशाला? भट्टीचा झिजलेला पट्टा आणि मापन यंत्रं यांसारखी, थांबली तर माल बिघडेल अशीच कामं ठेवली, तर १ कोटी ६० लाखांत भागतं. ॲल्युमिनियममध्ये नवं मशिन थांबवावं, पण गिऱ्हाइकाने नमुने मंजूर केलेल्या डाय आणि गळती-तपासणीचं यंत्र यांना १ कोटी ७० लाख द्यावेत, कारण तिथली तारीख आपल्या हातात नाही. गाडीचं मॉडेल आपल्यासाठी थांबत नाही. उरलेल्या ३० लाखांत दूरच्या त्या दोन कामांपैकी एक पुरं करावं आणि दुसरं उघडपणे बंद करावं. दोन्ही अर्धवट जगवणं सर्वांत महाग पडतं.

वळणाचं एक उदाहरण

जुन्या धंद्यातून नव्या धंद्याकडे घेतलेलं असं वळण या जिल्ह्याला नवं नाही. शिरोळच्या दत्त कारखान्यासारखे साखर कारखाने ऊस गाळतात तो अवजड रोलरांतून. पोलादी शाफ्टवर बिडाचं जाड कवच असतं, ते झिजलं की नवं बसवावं लागतं. हे काम कोल्हापूरची एस. बी. रिशेलर्स कित्येक वर्षं करत आली. याच समूहाने २०१० साली सिनर्जी ग्रीन इंडस्ट्रीज उभी केली, आणि ती पवनचक्कीचे हब आणि फ्रेम यांसारखे कित्येक टनांचे ओतीव भाग बनवते.

दोन्ही मालांत समान आहे ते अवजड ओतकाम: मोठा साचा, एका दमात ओतायचा कित्येक टन धातू, आणि तो सावकाश निवताना ठेवायचा संयम. नवं आहे ते धातूचं स्वरूप. रोलरच्या कवचाला उसाची पकड घेणारा खरबरीत टणकपणा लागतो. पवनचक्कीच्या हबला थंडीतही न तडकणारं चिवट एसजी आयर्न लागतं, आणि त्याच्या पोटातला दोष शोधायला अल्ट्रासोनिक तपासणी. हातातली निम्मी विद्या नेली आणि निम्मी नवी घेतली. वरच्या ॲल्युमिनियम आणि ब्रेक लायनिंगलाही हीच कसोटी लावता येते. जुनं गिऱ्हाईक किंवा जुनी विद्या यांपैकी एक तरी बरोबर असेल तर दुसरं क्षितिज गाठता येतं. दोन्ही नवी असतील, तर ते काम तिसऱ्या क्षितिजावरचं समजून इसारापुरतेच पैसे घालावेत.

पैशाआधी माणसं

कोल्हापूरच्या मध्यम कारखान्यात पैशापेक्षा दुर्मिळ असतो तो टूलरूमचा जाणकार माणूस. डाय उघडून एका नजरेत हवा कुठे अडकते हे सांगणारी, किंवा शेलचा तुटलेला थर पाहून भट्टीतली चूक ओळखणारी माणसं एका कारखान्यात चार-पाच असतात. मूळ धंद्याची गाडी अडली की त्यांना हाक जाते, आणि ती गाडी रोजच कुठेतरी अडते. अंदाजपत्रकात ॲल्युमिनियमला साडेतीन कोटी लिहिलेले असतात, पण त्याचा डाय-इंजिनिअर आठवड्यातले चार दिवस बेअरिंगच्या प्रेसवर उभा असतो. मग वर्षअखेरीस ‘ॲल्युमिनियम जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

यावर उपाय साधा आहे, पण मालकाला जड जातो. या चार-पाच जणांची नावं कागदावर लिहायची, प्रत्येकापुढे एकच क्षितिज लिहायचं, आणि दुसऱ्या क्षितिजावरचा माणूस मूळ धंद्याने उसना मागितला तर ती परवानगी फक्त मालकाने द्यायची, शॉपच्या मॅनेजरने नाही. महिनाअखेरीस तो किती दिवस उसना गेला ते मोजायचं. हा आकडा ताळेबंदात येत नाही. पण ॲल्युमिनियमच्या कामाला दोन वर्षांनी जमलेलं गिऱ्हाईक मिळणार की भंगारात काढायची मशिनं उरणार, याचा अंदाज नफ्याच्या तक्त्याच्या कितीतरी आधी तोच देतो.